ब्रॅडफर्ड अ‍ॅसे: एकाच अर्काची तीन उत्तरं येतायत, खरं कोणतं धरू?

मुगाचे_मोड | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोड आलेल्या मुगातलं अमायलेज हा प्रोजेक्टचा विषय. मूग फॉस्फेट बफरमध्ये वाटून, गाळून, सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ पाणी घेतलंय. एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी काढून झाली. आता ती दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे सांगायची म्हणून ब्रॅडफर्ड केलं आणि तिथेच गाडी अडकली.

पद्धत अशी: २० मायक्रोलिटर नमुना, त्यात १ मिली रिएजंट, १० मिनिटं थांबून ५९५ नॅनोमीटरला रीडिंग. ब्लँकला शून्य केलं होतं. स्टँडर्ड बीएसएचं, बफरमध्येच केलेलं. बीएसए मिग्रॅ/मिलीमध्ये आणि पुढे अ‍ॅब्सॉर्बन्स, दोन ट्यूबांची सरासरी:

० : ०
०.१ : ०.०९१
०.२ : ०.१७३
०.४ : ०.३२७
०.६ : ०.४५२
०.८ : ०.५६०
१.० : ०.६३९

एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकली तर हे आलं:

```
y = 0.645x + 0.035
R² = 0.985
```

अर्काची रीडिंग्ज: तसाच घेतला तर ०.९१२, दहापट पातळ करून ०.२९७, चाळीसपट पातळ करून ०.०८१. समीकरणात घालून आणि पातळ केल्याच्या पटीने गुणून मूळ अर्कातलं प्रोटीन अनुक्रमे १.३६, ४.०६ आणि २.८५ मिग्रॅ/मिली येतं. अर्क एकच, बाटली एकच. गाइड म्हणतात सरासरी घे. मला ते पटत नाहीये. तुम्ही काय कराल?

रोहन_आलेख | सोमवार, रात्री ९.४१

R² ०.९८५ आहे म्हणजे कर्व्ह चांगलाच आहे, त्यात शंका घेऊ नका. न पातळ केलेल्याचं ०.९१२ हे तुमच्या सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्या, म्हणजे ०.६३९ च्याही पुढे गेलंय. ते सरळ बाद. चाळीसपटीचं सगळ्यात खालच्या स्टँडर्डच्याही खाली आहे, तेही बाद. उरलं ४.०६. तेच लिहा आणि झोपा.

लोरीवाला_काका | सोमवार, रात्री १०.०५

आमच्या वेळी लोरी करायचो. दोन तास जायचे पण असली भानगड नाही. :)

कोल्हापूरची_सायली | सोमवार, रात्री १०.१२

मला वाटतं गोम त्या ०.०३५ मध्ये आहे. प्रोटीन शून्य तर रंगही शून्य, ब्लँक तुम्ही वजा केलेलाच आहे. मग रेषा शून्यातून जायला हवी. ट्रेंडलाइनच्या ऑप्शनमध्ये इंटरसेप्ट ० करा. मी करून पाहिलं: चढ ०.६९४ येतो, दहापटीचं ४.२८ आणि चाळीसपटीचं ४.६७. आता दोन्ही बरीच जवळ आली की नाही? याचाच अर्थ ही रेषा जास्त बरोबर.

मुगाचे_मोड | सोमवार, रात्री १०.३०

सायलीताई, हे खरंच जवळ आलं! मग साधारण ४.५ धरू का?

जुनी_बाटली | मंगळवार, सकाळी ७.१०

थांबा, ४.५ लिहू नका. रोहन आणि सायली दोघांचं अर्धं बरोबर आहे. रोहनने न पातळ केलेलं रीडिंग बाद केलं ते योग्यच. सायलीला ०.०३५ खटकलं तेही योग्य. पण खरी अडचण त्याच्या मागे आहे. हे ठिपके सरळ रेषेवर नाहीतच.

आलेख कागदावर काढा आणि पट्टी लावून बघा. ० ते ०.१ मध्ये अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०९१ ने वाढला. ०.८ ते १.० मध्ये बीएसए दुप्पट वाढलं, तरी वाढ फक्त ०.०७९. ठिपके हळूहळू उजवीकडे झुकतायत. अशा वाकलेल्या ठिपक्यांतून सरळ रेषा ओढली की ती मधल्या भागात ठिपक्यांच्या खालून जाते आणि दोन्ही टोकांना वरून. तुमचा ०.०३५ त्यातूनच आला. दहापटीचं रीडिंग मधल्या भागात पडतं, म्हणून उत्तर जास्त आलं. चाळीसपटीचं खालच्या टोकाला पडतं, म्हणून कमी आलं.

आता शून्यातून ओढलेल्या रेषेबद्दल. तिने दोन उत्तरं जवळ आली, पण दोन्ही एकाच दिशेला चुकलेली असू शकतात. ते तपासायची एक सोपी रीत आहे: स्टँडर्डलाच अनोळखी नमुना समजा. सायलीच्या रेषेत ०.१ च्या ट्यूबचं रीडिंग ०.०९१ घाला, उत्तर ०.१३१ येतं. ०.२ च्या ट्यूबचं ०.२४९ येतं. आपण स्वतः केलेल्या द्रावणाला जी रेषा ३१ टक्के आणि २५ टक्के फुगवून सांगते, ती मुगाच्या अर्कालाही फुगवणारच. पहिल्या रेषेत ०.४ चं स्टँडर्ड ०.४५३ येतं, म्हणजे १३ टक्के जास्त. हे R² सांगत नाही. ठिपके ओळीने वर चढत असले की R² चांगलाच दिसतो, वाक कितीही असो.

रोहन_आलेख | मंगळवार, सकाळी ८.५५

हे स्टँडर्ड उलटे घालून बघण्याचं मी कधी केलं नव्हतं. आत्ता माझ्या जुन्या शीटवर करून पाहिलं, तिथेही मधले फुगलेले आणि टोकाचे आखडलेले. पण वाक येतोच का? बिअर-लँबर्ट तर सरळ रेषा सांगतो ना?

जुनी_बाटली | मंगळवार, सकाळी ९.२५

ट्यूबमध्ये रंगाचं एकच रूप असतं तर रेषा सरळ आली असती. रिएजंटमधला कूमासी जी-२५० आम्लात तांबूस-तपकिरी असतो आणि प्रोटीनला, मुख्यतः आर्जिनिनला, चिकटला की निळा होतो. निळ्याचा कळस ५९५ ला. पण मोकळा तपकिरी रंगही ५९५ ला थोडा दिसतो, म्हणून कोऱ्या ब्लँकचं पाण्याविरुद्ध रीडिंग घेतलं तर ते शून्य नसतं. आपण सगळ्या ट्यूबांमधून तोच ब्लँक वजा करतो. जास्त प्रोटीनच्या ट्यूबमध्ये मात्र बराच रंग निळा झालेला असतो, मोकळा कमी उरलेला असतो. तिथे आपण गरजेपेक्षा जास्त वजा करतो, म्हणून वरचा भाग दबतो. शिवाय मोकळा रंग कमी पडत गेला की नव्या प्रोटीनला तितक्या जोमाने चिकटतही नाही. तुमच्या न पातळ केलेल्या अर्कात तर रंग जवळपास पुरा अडकला होता. त्यातून १.३६ आलं यात नवल नाही.

हा वाक रिएजंटचा स्वभाव आहे, तुमच्या हाताचा दोष नाही.

अन्नपूर्णा_पुणे | मंगळवार, सकाळी १०.४०

मी आहारतज्ज्ञ आहे, उत्सुकतेने वाचतेय. मुगात वजनाच्या जवळपास चोवीस टक्के प्रथिनं असतात असं आम्ही रुग्णांना सांगतो. इथे मिलीला चारच मिलिग्रॅम म्हणताय? मोड आल्यावर इतकं कमी होतं का? मग मोड आलेली कडधान्यं खायला सांगणं चुकीचं ठरेल.

मुगाचे_मोड | मंगळवार, सकाळी ११.०२

नाही हो ताई. हे फक्त बफरमध्ये विरघळलेलं प्रोटीन आहे, आणि तेही एका मिली अर्कातलं. मी ५ ग्रॅम मूग ५० मिली बफरमध्ये वाटलेत, मोडाच्या मुगात पाणीही बरंच असतं, आणि चोथ्याबरोबर खाली बसलेलं प्रोटीन यात मोजलंच जात नाही. पूर्ण धान्यातलं प्रथिन नायट्रोजनवरून काढतात, केल्डाल पद्धतीने. रुग्णांना मोड खुशाल खायला सांगा.

जुनी_बाटली, मग मी उत्तर काढू कसं? एक्सेलमध्ये वाकडी रेषा टाकू?

जुनी_बाटली | मंगळवार, दुपारी १.१५

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही हाताने करता येतात.

पहिला: अनोळखी रीडिंग ज्या दोन स्टँडर्डच्या मध्ये येतं, तेवढ्याच दोन ठिपक्यांमध्ये रेषा धरायची. लहान तुकड्यावर वाक जाणवत नाही.

```
c = c1 + (A - A1)*(c2 - c1)/(A2 - A1)
```

दहापटीचं ०.२९७ हे ०.१७३ आणि ०.३२७ यांच्या मध्ये आहे. ०.२९७ वजा ०.१७३ म्हणजे ०.१२४. त्याला दोन ठिपक्यांमधल्या अंतराने, म्हणजे ०.१५४ ने भागलं आणि ०.२ ने गुणलं की ०.१६१ येतं. त्यात खालचं ०.२ मिळवून ०.३६१ मिग्रॅ/मिली. गुणिले दहा, ३.६१. चाळीसपटीचं ०.०८१ हे ० आणि ०.०९१ च्या मध्ये आहे, म्हणजे ०.०८९, गुणिले चाळीस, ३.५६. रोहनने हे रीडिंग बाद केलं होतं, पण खाली ब्लँकचा ठिपका आहे, म्हणजे ते उघड्यावर नाही.

दुसरा: कर्व्हचा खालचा, जवळपास सरळ भाग तेवढा वापरायचा. ० ते ०.४ चे चार ठिपके घेतले तर चढ ०.८१२ आणि इंटरसेप्ट ०.००६ येतो. इंटरसेप्ट कसा विरघळला बघा, सायलीचा मुद्दा इथे आपोआप सुटतो. यातून दहापटीचं ३.५९ आणि चाळीसपटीचं ३.७१.

म्हणजे उत्तर ३.६ च्या आसपास आहे. वाकडी रेषा, म्हणजे दुसऱ्या घाताची, टाकलीत तरी चालेल. फक्त शेवटच्या स्टँडर्डपलीकडे ती कधीही वापरू नका.

कोल्हापूरची_सायली | मंगळवार, दुपारी १.५०

पटलं. दोन चुकीची उत्तरं एकमेकांना दुजोरा देऊ शकतात हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या लॅबच्या एक्सेल शीटमध्ये इंटरसेप्ट शून्य आधीपासून भरून ठेवलेला आहे, आज तो काढते.

भोसरीकर | मंगळवार, सायंकाळी ६.३०

मी पिपेट कॅलिब्रेशनच्या कामात आहे. रोज दुसऱ्यांची पिपेटं तपासतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा. चाळीसपट पातळ कसं केलंत? आणि २० मायक्रोलिटर कोणत्या पिपेटने घेतलेत? सरासरी नको, सुट्या ट्यूबांची रीडिंग्ज द्या.

मुगाचे_मोड | मंगळवार, सायंकाळी ७.०५

चाळीसपट: २ मायक्रोलिटर अर्क आणि ७८ बफर. दहापट: १०० अर्क आणि ९०० बफर. २० मायक्रोलिटर २०-२०० च्या पिपेटने घेतले, कारण २-२० चं बाजूच्या गटाकडे होतं. २ मायक्रोलिटरसाठी ते दोन मिनिटं मागून आणलं.

दहापटीच्या दोन ट्यूबा: ०.२९१, ०.३०३.
चाळीसपट दोनदा वेगवेगळं केलं होतं: ०.०७०, ०.०९२.

भोसरीकर | मंगळवार, रात्री ८.४५

मला हीच शंका होती. जुनी_बाटलींचं गणित बरोबर आहे, पण चाळीसपटीचं ३.५६ हे नशिबाने जुळलंय. सुटं करून बघा: ०.०७० वरून ३.०८ येतं, ०.०९२ वरून ४.०५. या दोन टोकांची सरासरी मधोमध पडली, एवढंच.

पिपेटचं असं असतं. आयएसओ ८६५५ या मानकात चुकीची मर्यादा पिपेटच्या कमाल मापावरून ठरते आणि ती मायक्रोलिटरमध्ये तेवढीच राहते, तुम्ही कमी माप लावलं तरी. २० च्या पिपेटला ०.२ मायक्रोलिटर चूक मान्य आहे. २० मायक्रोलिटर घेताना ती एक टक्का. २ मायक्रोलिटर घेताना तीच चूक दहा टक्के. २०० च्या पिपेटला १.६ मायक्रोलिटर मान्य आहे, म्हणजे त्याने २० घेतले की आठ टक्के. पिपेट पास झालेलं असूनही बरं का! वर हाताची चूक वेगळीच.

हाताच्या चुकांत सगळ्यात जास्त दिसते ती दोन थांब्यांची. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. घाईत लोक ओढतानाच दुसऱ्यापर्यंत दाबतात आणि जास्तीचं माल टिपमध्ये येतो. ओळखायची खूण: टिपमधली पातळी इतर वेळेपेक्षा वर दिसते, आणि सोडल्यावर टोकाशी थोडं उरतं. दुसरी चूक म्हणजे टिप अर्कात खोल बुडवणं. बाहेरून चिकटलेला थेंब सोबत येतो. २ मायक्रोलिटर घेताना त्या थेंबाची भर फार मोठी पडते. टिप पृष्ठभागाच्या खाली दोन-तीन मिलिमीटरच धरा, आणि बाहेर काढताना भांड्याच्या कडेला टेकवून घ्या.

पिपेट गळतंय का ते बघायला टिप भरून सरळ उभं धरा आणि वीसपर्यंत मोजा. टोकाशी थेंब लोंबायला लागला तर टिप नीट बसलेली नाही किंवा आतलं सील गेलंय. मापाची खात्री करायची असेल तर चार दशांशाच्या तराजूवर झाकणाची कुपी ठेवून २० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा. खोलीच्या तापमानाला ०.१९९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ०.१९० आलं तर पाच टक्के कमी सोडतंय.

जुनी_बाटली | मंगळवार, रात्री ९.३०

भोसरीकर, तुमच्याकडून शिकायला मिळालं, सुटी रीडिंग्ज मीच आधी मागायला हवी होती. पण आठ टक्क्यांबद्दल माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. मुलीने स्टँडर्डचे २० आणि अर्काचे २०, दोन्ही त्याच पिपेटने घेतलेत. पिपेट नेहमी १८.५ सोडत असेल तर स्टँडर्डमध्येही १८.५ आणि अर्कातही १८.५. कर्व्हचा चढ बदलेल, पण अर्काचं उत्तर त्याच कर्व्हवरून वाचायचंय, म्हणून ती चूक कटून जाते. १ मिली रिएजंटचंही तसंच. कटत नाही ती पातळ करतानाची चूक, कारण तिथे आपण हिशेबात थेट चाळीसने गुणतो आणि पिपेटने मात्र छत्तीसपट केलेलं असतं.

भोसरीकर | मंगळवार, रात्री १०.०५

पिपेट एकाच बाजूला चुकत असेल तर कटेल, मान्य. पण २०० च्या पिपेटने २० घेताना ते दर वेळी वेगवेगळं चुकतं, आणि ते कटत नाही. शिवाय बीएसए आणि मुगाचा अर्क टिपमध्ये सारखे वागत नाहीत. दाट, फेसाळणारं द्रव टिपच्या भिंतीला धरून राहतं. टिप आधी दोनदा त्याच द्रवाने ओली करून घेतली तर फरक कमी होतो, संपत नाही. तेव्हा २० ला २० चंच पिपेट वापरावं, या मतावर मी ठाम आहे.

जुनी_बाटली | मंगळवार, रात्री १०.२०

ते वापरावंच, त्याबद्दल दुमत नाही. मी एवढंच म्हणते की हिच्या बाबतीत आधी कुठे हात घालायचा तर तो २ मायक्रोलिटरवर.

प्रयोगशाळा_सहायक_नाशिक | बुधवार, सकाळी ८.००

आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेसमध्ये कायम दिसणारी आणखी एक गोष्ट सांगतो. कर्व्ह अगदी देखणा येतो आणि तरी सगळ्यांची उत्तरं चुकतात. कारण स्टँडर्ड एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं साखळीने पातळ केलेलं असतं. १.० मध्येच चूक असेल तर खालच्या सगळ्यांमध्ये ती त्याच प्रमाणात उतरते. ठिपके सुंदर रांगेत बसतात, फक्त चढ चुकलेला असतो. आलेख बघून हे कळूच शकत नाही.

म्हणून बीएसएचा स्टॉक वेगळ्या मार्गाने तपासावा. १ मिग्रॅ/मिली बीएसएचं २८० नॅनोमीटरला रीडिंग ०.६६७ यायला हवं, १ सेंमीच्या क्युवेटमध्ये. इथे क्वार्ट्झचं क्युवेट लागतं. आणि ब्रॅडफर्डला नेमकं तेच वापरायचं नाही, निळा रंग क्वार्ट्झला धरतो आणि पुढच्या ट्यूबचं रीडिंग वाढवतो. ब्रॅडफर्डला प्लास्टिकचं घ्या आणि कमी प्रोटीनकडून जास्तकडे वाचत जा.

दुसरं, रिएजंटची बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हलकेच उलटसुलट करा, रंग तळाशी बसलेला असतो. पहिल्या आणि शेवटच्या ट्यूबमध्ये फिका-गडद फरक येतो तो बऱ्याचदा यामुळेच.

मुगाचे_मोड | बुधवार, सकाळी ९.१५

मी साखळीनेच केलं होतं. आज स्टॉक २८० ला बघते. आणि एक शंका: ५९५ चं रीडिंग १० मिनिटांनी घेतलं, पण चौदा ट्यूबा आणि अर्काच्या ट्यूबा वाचेपर्यंत बराच वेळ गेला. त्याने फरक पडेल का?

प्रयोगशाळा_सहायक_नाशिक | बुधवार, सकाळी ९.४०

ब्रॅडफर्ड यांच्या १९७६ च्या मूळ लेखात रंग दोन मिनिटांत येतो आणि साधारण तासभर टिकतो असं आहे. तेवढ्यात वाचून झालं असेल तर चिंता नको. पण रिएजंट ज्या क्रमाने आणि ज्या अंतराने घातला, त्याच क्रमाने आणि अंतराने वाचा. तासापलीकडे निळे कण जमायला लागतात, कधी तळाशी बसतात, आणि जास्त प्रोटीनच्या ट्यूबा आधी उतरतात.

हायडेलबर्गकर | बुधवार, दुपारी २.३०

इथे आम्ही प्लेट रीडरवर करतो. वाकाचा त्रास ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी: ५९५ बरोबर ४५० लाही वाचा आणि ५९५ ला ४५० ने भागा. ४५० ला मोकळा रंग दिसतो, ५९५ ला निळा. भागाकार केल्यावर रंग कमी पडण्याचा परिणाम हिशेबात येतो आणि कर्व्ह बराच सरळ होतो, खालच्या टोकाला तर फारच. १९९६ साली झोर आणि सेलिंगर यांनी हे दाखवलं. एकच अट: मशीन ब्लँकवर शून्य करायचं नाही, दोन्ही रीडिंग्ज पाण्याविरुद्ध घ्यायची. ब्लँकला शून्य केलंत तर ४५० चं रीडिंग उणे जातं आणि भागाकाराला काही अर्थ राहत नाही.

रोहन_आलेख | बुधवार, दुपारी ३.१०

हे भारी आहे. आमच्या साध्या स्पेक्ट्रोवर प्रत्येक ट्यूब दोनदा वाचावी लागेल, पण चालेल.

लोरीवाला_काका | बुधवार, सायंकाळी ५.००

मी परवा लोरीत भानगड नाही म्हणालो ते पूर्ण खरं नव्हतं, लोरीचा कर्व्हही वाकतोच. आणि बफरमध्ये ट्रिस असेल तर तिथे पंचाईत होते, ब्रॅडफर्डला ट्रिस सहसा चालतं. उलट ब्रॅडफर्डला एसडीएस किंवा ट्रायटन चालत नाही, कोरा ब्लँकच निळा पडतो. मुलीने साधं फॉस्फेट घेतलंय, ते ठीक.

मुगाचे_मोड | शुक्रवार, रात्री ८.५०

परत करून झालं, म्हणून लिहितेय.

आधी स्टॉक: १ मिग्रॅ/मिली समजत होते त्याचं २८० चं रीडिंग ०.६५५ आलं, म्हणजे ०.९८. तो बरा निघाला. यावेळी साखळी न करता प्रत्येक स्टँडर्ड स्टॉकमधून वेगळं केलं, ० ते ०.५ पर्यंतच, ०.०५ हेही घेतलं. २-२० चं पिपेट शुक्रवारसाठी राखून ठेवलं होतं. अर्क: १०० अधिक ९०० करून दहापट, त्यातून ५०० अधिक ५०० करून वीसपट, त्यातून परत तसंच चाळीसपट. २ मायक्रोलिटर कुठेच नाही. प्रत्येकाच्या तीन ट्यूबा.

उत्तरं: दहापटीचं ३.५२, वीसपटीचं ३.४६, चाळीसपटीचं ३.५८. तीन वेगवेगळ्या पटींवरून इतकं जवळ पहिल्यांदाच आलं. स्टँडर्ड उलटे घालून बघितले, ०.०५ सोडून सगळे पाच टक्क्यांच्या आत बसतात.

४.०६ लिहिलं असतं तर माझी स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी तेरा टक्के कमी दिसली असती. गाइडना दोन्ही आलेख दाखवले, त्यांनी सरासरीचा आग्रह सोडला.

भोसरीकर | शुक्रवार, रात्री ९.०५

झकास! ०.०५ का बसलं नाही?

मुगाचे_मोड | शुक्रवार, रात्री ९.२०

तीन ट्यूबा ०.०३९, ०.०४७, ०.०५१ आहेत. २५ मायक्रोलिटर स्टॉकमधून केलं होतं, २०-२०० च्या पिपेटने. तुमची आठ टक्क्यांची गोष्ट वाटतेय.

भोसरीकर | शुक्रवार, रात्री ९.३५

नाही, ते द्रावण एकदाच केलं असेल तर तिन्ही ट्यूबा एकाच बाजूला चुकल्या असत्या. तीन ट्यूबा आपसात फाकल्यात, म्हणजे चूक शेवटच्या २० मायक्रोलिटरमध्ये किंवा क्युवेटमध्ये आहे. क्युवेट प्रत्येक ट्यूबला नवीन होतं की तेच धुऊन?

मुगाचे_मोड | शुक्रवार, रात्री ९.४०

तेच धुऊन. आणि ०.०५ ची तिसरी ट्यूब राहून गेली होती, ती ०.५ नंतर वाचली.

प्रयोगशाळा_सहायक_नाशिक | शुक्रवार, रात्री ९.५५

ती ०.०५१ वाली असणार. मधल्या धुण्याला एकदा इथेनॉल वापरा, पाण्याने तो रंग जात नाही. पण ०.०३९ याने सुटत नाही, तिथे टिप बघावी लागेल.

हायडेलबर्गकर | शनिवार, सकाळी ११.२०

अभिनंदन. फक्त प्रबंधात '३.५२ मिग्रॅ/मिली' एवढंच लिहू नका, 'बीएसएच्या तुलनेत' असं लिहा. बीएसए या रंगाशी इतर बऱ्याच प्रोटीनपेक्षा जोरात रंगतं. गॅमा ग्लोब्युलिनचं स्टँडर्ड घेतलं असतं तर चढ जवळपास निम्मा आला असता आणि त्याच अर्काचं उत्तर साडेतीनऐवजी सातच्या आसपास दिसलं असतं. मुगातलं साठ्याचं प्रोटीनही ग्लोब्युलिन जातीचं आहे, म्हणून मी तर बीएसए वापरलंच नसतं.

जुनी_बाटली | शनिवार, दुपारी १२.४५

इथे माझं मत वेगळं आहे. नाव ग्लोब्युलिन असलं तरी मुगाचं आणि रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन यांचा काही संबंध नाही, त्यांची रंग धरण्याची ताकद सारखी असेल असं गृहीत धरता येत नाही. आणि हिला अर्कापासून शुद्ध एन्झाइमपर्यंत टप्प्याटप्प्याने तुलना करायची आहे. सगळीकडे एकच स्टँडर्ड असलं की तुलना चालते, आणि इतर लोकांचे आकडे बहुतेक बीएसएवरचेच असतात.

हायडेलबर्गकर | शनिवार, दुपारी १.३०

तुलना पूर्ण चालत नाही. कच्च्या अर्कात साठ्याचं प्रोटीन जास्त, शेवटच्या टप्प्यात नुसतं अमायलेज. दोघांची रंग धरण्याची ताकद वेगळी असेल तर 'किती पट शुद्ध झालं' हा आकडाच सरकतो, स्टँडर्ड कोणतंही घ्या. शेवटच्या टप्प्यात तरी दुसऱ्या पद्धतीने, निदान २८० ने, पडताळून पाहावं.

जुनी_बाटली | शनिवार, दुपारी २.००

शेवटच्या टप्प्याबद्दल तुमच्याशी सहमत. कच्च्या अर्काला मात्र २८० वापरू नये, त्यातले फिनॉल आणि न्यूक्लिक आम्लंही तिथे शोषतात.

मुगाचे_मोड | शनिवार, सायंकाळी ४.१०

आमच्या फ्रिजमध्ये गॅमा ग्लोब्युलिन नाही, ओव्हाल्ब्युमिन आहे. सोमवारी बीएसए आणि ओव्हाल्ब्युमिन दोन्हींचे कर्व्ह एकाच रिएजंटवर लावते आणि अर्क दोन्हींवर वाचते. किती फरक येतो ते इथे टाकते.

प्रयोगशाळा_सहायक_नाशिक | शनिवार, सायंकाळी ४.३५

ओव्हाल्ब्युमिन विरघळवताना व्हॉर्टेक्सवर धरू नका. प्रचंड फेस होतो, आणि फेसात गेलेलं प्रोटीन पिपेटमध्ये येत नाही. पावडर बफरवर टाकून तशीच पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ट्यूब सावकाश उलटसुलट करा.